२०२४-२५ च्या लेखापरीक्षण अहवालाबाबत वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन

सन्माननीय अध्यक्ष महोदय आणि सभासद बंधू-भगिनींनो,

लेखापरीक्षण अहवालाची प्रत सूचनाफलकावर लावली आहे, तरी त्यातील महत्त्वाचे शेरे सभेपुढे ठेवणे हे सचिव म्हणून माझे कर्तव्य आहे. संस्थेला ‘ब’ वर्ग मिळाला असून बँकशिल्लक आणि रोजकीर्द यांचा मेळ बसतो. अफरातफरीचा ठपका कोणावरही नाही.

सर्वांत गंभीर शेरा सिंकिंग फंडाबद्दल आहे. हिशेबात हा निधी ७,५६,००० रुपये दिसतो, परंतु मुदत ठेवीत प्रत्यक्षात ५,४०,००० रुपयेच आहेत. उरलेले २,१६,००० रुपये मे २०२४ मध्ये गच्चीच्या गळतीवर खर्च झाले. पाऊस तोंडावर होता आणि काम निकडीचे होते, हे मान्य केले तरी उपविधींप्रमाणे या निधीला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय हात लावता येत नाही, आणि तशी मंजुरी घेतलेली नव्हती. शिवाय ८५,००० रुपयांच्या एका व्हाउचरवर ‘गच्चीचे काम’ एवढेच लिहिलेले आहे. त्याला ना मोजमाप जोडलेले आहे, ना ठेकेदाराचे बिल, ना इतर दरपत्रके. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत आपल्या पार्किंगमधील दोन खांबांचे प्लॅस्टर सुटून गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. इमारतीला बावीस वर्षे झाली आहेत. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे स्ट्रक्चरल ऑडिट आपण एकदाही केलेले नाही, याचीही लेखापरीक्षकांनी नोंद घेतली आहे. मोठ्या दुरुस्तीची वेळ जवळ आली असताना हा निधी अपुरा असावा, ही मला खरी चिंतेची बाब वाटते.

दुसरा शेरा थकबाकीचा. एकूण ३,४२,००० रुपये येणे असून त्यांपैकी २,३१,००० रुपये केवळ पाच सदनिकांकडे आहेत. त्यांतील बहुतेक सभासद मुंबईस असतात आणि घरे गणपती-शिमग्याला उघडतात. परंतु घर बंद असले तरी पंप, जिन्यातील दिवे आणि रखवालदार यांचा खर्च थांबत नाही, व तो भार नियमित भरणाऱ्यांवर पडतो. त्यांना व्याजासह मागणीपत्रे पाठवली जातील; त्यानंतरही रक्कम न भरल्यास निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करण्यात येईल.

नामनिर्देशन नोंदवही अपूर्ण असल्याचा शेरा किरकोळ आहे. ती महिन्याभरात पूर्ण होईल.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ नुसार अहवालाच्या तारखेपासून तीन महिन्यांत, म्हणजे १८ ऑक्टोबरपूर्वी, दोषदुरुस्ती अहवाल निबंधक कार्यालयात सादर करावयाचा आहे. त्यासाठी समितीचा प्रस्ताव असा आहे की, चोवीस सदनिकांनी दरमहा प्रत्येकी ५०० रुपये अठरा महिने भरून सिंकिंग फंडातील तूट भरून काढावी, गच्चीच्या कामाची मोजमापे व बिले ठेकेदाराकडून पंधरा दिवसांत मिळवावीत, आणि पावसाळा संपताच स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावे. हा ठराव आता चर्चेसाठी खुला आहे.