२२ महिन्यांच्या बाळाला मेलाटोनिन किंवा झोपेचं हर्बल सिरप द्यायचं का?

तुमचा मुलगा रात्री वेळेवर झोपत नाही म्हणून तुम्ही हे विचारलंत, तर सरळच सांगते, नका देऊ. नणंदेने अमेरिकेहून पाठवलेल्या मेलाटोनिनच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, पण नको आणि मेडिकलवाल्याने दिलेलं ते 'शांत झोपेचं' सिरप पण नको. परवा अर्धी गमी दिलीत म्हणून जीवाला लावून घेऊ नका, दुसऱ्या दिवशी तो नीट उठला, जेवला, खेळला, म्हणजे काळजीचं काही नाही. पण ती गमीजची बाटली आजच्या आज त्याच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवा, कारण त्याच्यासाठी ती गोळी नाही, खाऊ आहे. चुकून मूठभर खाल्ल्या आणि हलवूनही उठत नाहीये, श्वास मंद वाटतोय असं झालं तर मला फोन करत बसू नका, थेट १०८ ला लावा आणि बाटली सोबत न्या.

नणंद म्हणतात तिकडे सगळे देतात, ते खरंय, पण अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नाही तर फूड सप्लिमेंट म्हणून विकतात, त्यामुळे औषधासारखी तपासणी आधी होत नाही. २०२३ मध्ये तिथे २५ प्रकारच्या गमीज लॅबमध्ये तपासल्या तर २२ मध्ये लेबलवर लिहिलेला आकडा आणि आतला माल जुळतच नव्हता, कुठे ७४ टक्के तर कुठे ३४७ टक्के, आणि एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. म्हणजे तुम्ही अर्धी मोजून दिलीत तरी नक्की किती गेलं हे ना तुम्हाला माहीत ना मला. तिथे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या पॉयझन सेंटरकडच्या नोंदी २०१२ ला वर्षाला ८ हजारांच्या आसपास होत्या, त्या २०२१ ला ५२ हजारांवर गेल्या. बहुतेक मुलं ठीक राहिली, पण दोन गेली.

आणि मेलाटोनिन हे हॉर्मोन आहे हो, अंधार पडला की मेंदू ते स्वतःच सोडतो. ऑटिझम असलेल्या काही मुलांना आम्ही डॉक्टर ते देतो, पण तपासून, आधी झोपेच्या सवयींवर काम करून, डोस ठरवून. दोन वर्षांच्या आतल्या धडधाकट मुलाला रोज दिलं तर पुढे काय होतं याचा पुरेसा अभ्यासच नाहीये.

आता सिरप. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चार-पाच वनस्पतींची नावं आहेत पण कशाचं किती हे नाही, आणि २२ महिन्यांच्या बाळाला किती द्यायचं हेही नाही. आयुर्वेदिक आहे म्हणजे साईड इफेक्ट नाही हे मला मान्य नाही, ज्याने झोप येते ते मेंदूवर काम करतंच ना. पूर्वी मुंबईत गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया अफूची बाळगोळी देऊन लेकरं झोपवायच्या, तीही वनस्पतीच होती. सासूबाईंना माझ्याकडून सांगा, गुटीतला जायफळाचा वेढाही बंद करा, जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगीत जातं, हृदयाचे ठोके वाढतात. आणि सर्दीचं झोप आणणारं सिरप घरात असेल ते 'जरा झोपेल' म्हणून अजिबात नाही, अशा काही सिरपमधलं प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास रोखू शकतं.

मग करायचं काय? तुम्हीच लिहिलंय की तो दुपारी साडेतीनला झोपतो आणि साडेपाच-पावणेसहाला उठतो, मग रात्री साडेनऊला त्याला झोप येणार कुठून! या वयात सगळं मिळून ११ ते १४ तास झोप लागते, त्याची साडेअकरा होतेय, म्हणजे झोप कमी नाहीये, वेळ सरकलीये. त्याला सकाळी साडेसातला उठवा, सुट्टीच्या दिवशीही, आणि बाहेर उन्हात न्या. दुपारची झोप बंद करू नका, दीडला आणा आणि साडेतीनला उठवा. रात्रीची वेळ एकदम नाही, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे. बाबा साडेदहाला येतात तेव्हा लाईट, टीव्ही, उड्या सुरू होतात, तो खेळ सकाळी हलवा, बाबांना वाईट वाटेल पण सकाळचा अर्धा तास दोघांनाही जास्त लाभेल. झोपायच्या आधी तासभर मोबाईल नाही, दिवे मंद, अंग पुसणं, गोष्ट, अंथरूण, रोज याच क्रमाने. पहिले चार-पाच दिवस रडेल, तुम्ही शेजारी बसा, थोपटा, पण उठवून हॉलमध्ये आणू नका. तुम्ही स्वतः किती थकला आहात हे मेसेजवरून कळतंय, एक-दोन रात्री सासूबाईंना थोपटायला बसू द्या.

एक राहिलं. तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, रात्री पाय सारखे झाडतो का, ढुंगण खाजवतो का, हे बघून मला कळवा. घोरण्यामागे अॅडेनॉइड, म्हणजे नाकाच्या मागच्या वाढलेल्या गाठी, असू शकतात, खाजवण्यामागे जंत, आणि दिवसाला चार बाटल्या दूध पितोय म्हणजे लोह कमी असण्याची शक्यता मला बरीच वाटते, पाय झाडण्याचं तेही कारण असतं. शनिवारी त्याला घेऊन या, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करू, आणि तोपर्यंत दूध दोन कपांवर आणा, कपानेच, बाटलीने नाही.