पाकिटावरील पोषण तक्त्याचे वाचन
इयत्ता नववी, दोन तासिका

पाकिटाची दर्शनी बाजू विक्रीसाठी सजवलेली असते, म्हणून आजचा धडा पाकीट उलटे धरूनच सुरू होतो. मागील बाजूस दोन गोष्टी शोधा: घटक पदार्थांची यादी आणि पोषण तक्ता. यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात. साखर मात्र ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज अशा निरनिराळ्या नावांनी विखुरलेली असू शकते, त्यामुळे ती पहिल्या क्रमांकावर नाही एवढ्यावरून ती कमी आहे असे ठरवू नये.

तक्त्यातील आकडे कोणत्या प्रमाणासाठी दिले आहेत, हे सर्वांत आधी पाहावे. बहुतेक चुका येथेच होतात. समजा, १२० ग्रॅमच्या बिस्किटांच्या पाकिटावर एक सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खाण्याचे प्रमाण, ३० ग्रॅमचे धरले असून त्यात ७.५ ग्रॅम साखर लिहिली आहे. हा आकडा लहान वाटतो. परंतु पाकिटात अशी चार सर्व्हिंग असल्याने, गप्पा मारता मारता ते संपवणाऱ्याच्या पोटात ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेसात चमचे साखर जाते. दिवसाला २००० किलोकॅलरी घेणाऱ्या व्यक्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा ५० ग्रॅम आहे.

मिठाचे प्रमाण अनेकदा सोडियमच्या रूपात दिलेले असते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, अशी याच संघटनेची शिफारस आहे.

उपक्रम: सुपरमार्केटमधील पाकिटे

दुसऱ्या तासिकेत आपण शिक्षकांसह सुपरमार्केटमध्ये जाऊ. चौघांच्या प्रत्येक गटाने एकाच प्रकारच्या पदार्थाची तीन वेगवेगळी पाकिटे निवडावीत. आधी केवळ दर्शनी बाजू पाहून, कोणत्या पाकिटात साखर किंवा मीठ सर्वांत कमी असेल याचा अंदाज वहीत लिहावा आणि त्यानंतरच पाकीट उलटावे. तुलना नेहमी १०० ग्रॅममागील आकड्यांची करावी, कारण सर्व्हिंगचे वजन प्रत्येक उत्पादक वेगळे ठरवू शकतो. यानंतर संपूर्ण पाकिटातील ऊर्जा, साखर, स्निग्धांश व मीठ यांचे गणित मांडावे. पाकिटे फोडू नयेत आणि नोंद झाल्यावर जागच्या जागी ठेवावीत.

एक सूचना मनापासून करावीशी वाटते: आपण पाकिटे तपासत आहोत, माणसे नव्हे. कोणाच्या शरीरावर, वजनावर किंवा डब्यावर शेरे मारू नयेत. वाढत्या वयात शरीराला भरपूर ऊर्जा लागते, त्यामुळे कॅलरींचा मोठा आकडा दिसताच तो पदार्थ वाईट ठरत नाही. त्याच ऊर्जेसोबत प्रथिने व तंतुमय पदार्थ किती मिळतात, हेही नोंदवावे.

वर्गात परतल्यावर प्रत्येक गटाने आपला अंदाज व प्रत्यक्ष आकडे शेजारी शेजारी मांडावेत आणि अंदाज चुकला असल्यास दर्शनी बाजूवरील कोणत्या शब्दामुळे किंवा चित्रामुळे तो चुकला, हे सांगावे.