सुरेखा लेडीज टेलर्स, नाशिक : वेबसाइटच्या कामाचा प्रस्ताव

दि. २७ जुलै २०२६

प्रति,
सौ. सुरेखाताई,
सुरेखा लेडीज टेलर्स, रविवार कारंजा परिसर, नाशिक

सप्रेम नमस्कार,

दुकानात झालेल्या बोलण्यावरून हा प्रस्ताव देत आहोत. मशीनवर बसलेल्या बाईला दर थोड्या वेळाने उठवणारे फोन तीनच प्रश्नांचे असतात : शिलाई किती, मिळेल कधी आणि कापड किती आणायचे. वेबसाइटने आधी या तिन्हींची उत्तरे द्यावीत, बाकी सजावट नंतर. म्हणून साइट पाच पानांचीच ठेवली आहे : मुखपृष्ठ, शिलाईचे दर, कामाचे नमुने, कापड आणण्याआधी, पत्ता आणि वेळ. मजकूर मराठीत, दर आणि पत्ता इंग्रजीतही.

दराचे पान

येथे सर्वांत जास्त विचार लागतो. 'ब्लाउज ५५० रुपये' एवढेच लिहिले, तर कटोरी, अस्तर, पाइपिंग आणि मागच्या गळ्याला लटकन सांगणारी बाईसुद्धा काउंटरवर ५५० च धरून बसते. म्हणून मूळ शिलाई एका रकान्यात आणि वाढीव कामे खाली स्वतंत्र ओळींत : अस्तर, कटोरी, प्रिन्सेस कट, पाइपिंग, पॅडिंग, जाळीची बाही. फॉल-पिको आणि आल्टरचे दर वेगळे. पैठणीच्या ब्लाउजला काठ बाहीवर जुळवून लावायचे जास्तीचे काम असते, त्याची ओळ निराळी. येवला याच जिल्ह्यात असल्याने लग्नसराईत ते काम तुमच्याकडे येणारच.

दरपत्रक तुमच्या हाताने लिहिलेले चालेल. प्रेसकडून आणलेली फाइल मात्र पाठवू नका. छपाईचे जुने मराठी फॉन्ट मोबाइलवर उघडले की अक्षरांचा कचरा दिसतो आणि तसा मजकूर गूगललाही वाचता येत नाही. आम्ही सगळे युनिकोडमध्ये नव्याने टाइप करू.

'आज दिले तर कधी मिळेल'

मुखपृष्ठावर ही एक ओळ असेल आणि ती तुम्ही स्वतः मोबाइलवरून बदलाल. गूगल शीटमधल्या एका चौकोनात तारीख टाकायची. काही मिनिटांत साइटवर दिसते. दिवाळीच्या गर्दीत तारीख बदलायची राहून जाते आणि जुनी तारीख दाखवून गिऱ्हाईक भांडते, हा धोका खरा आहे. म्हणून सात दिवस तारीख बदलली नाही, तर ती ओळ आपोआप जाऊन 'तारखेसाठी फोन करा' असे येईल.

कापड आणण्याआधी

कोपरापर्यंत आणि पूर्ण बाहीला किती कापड लागते, याचा तक्ता पन्ह्यानुसार देऊ, आकडे तुमचे. सुती अस्तर धुऊन आणावे (नाहीतर पहिल्या धुण्यात आटून ब्लाउज ओढला जातो), मापासाठी नीट बसणारा जुना ब्लाउज आणावा, साडीतला ब्लाउजपीस आधी कापून घेऊ नये, अशा सूचना याच पानावर.

जे करणार नाही

ऑनलाइन माप भरण्याचा फॉर्म तुम्ही विचारला होता. आमचे मत : नको. घरी टेप धरताना छाती सैल आणि बाहीची गोलाई घट्ट मोजली जाते, खांदा तर ज्याचा त्याला मोजताच येत नाही. एक पैठणीचा ब्लाउजपीस चुकीच्या मापाने कापला गेला, तर त्या पीसचे पैसे कोण देणार? ऑनलाइन पेमेंटही आत्ता नको; आगाऊ रक्कम काउंटरवरच्या क्यूआर कोडने येतेच आहे.

त्याऐवजी प्रत्येक पानावर व्हॉट्सअ‍ॅपचे बटण देऊ. दाबल्यावर 'ब्लाउज शिवायचा आहे, डिझाइनचा फोटो पाठवत आहे' असा मजकूर तयार येतो. लिंकमध्ये नंबर 91 ने सुरू व्हावा लागतो. आधीचा शून्य तसाच राहिला, तर बटण चालत नाही. हे दोन फोनवर तपासून देऊ. घरचा नंबर येथे देऊ नका. दुकानासाठी वेगळ्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, म्हणजे रात्रीच्या मेसेजला ठरलेले उत्तर आपोआप जाते.

फोटो

साधारण ४० फोटो काढून त्यातले २५ ते ३० वापरू. ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी दिसतो आणि जर पांढरी पडते, त्यामुळे पुतळा दाराशी आणून दिवसाच्या उजेडात काढू. ढगाळ हवा असेल तर उत्तमच, सावल्या कडक पडत नाहीत. गळा, बाहीचा काठ आणि आतली शिलाई जवळून. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना तिची परवानगी आधी घ्यावी. चेहरे घेणार नाही. मोबाइलचा फोटो कित्येक एमबीचा असतो, तो सुमारे १५० केबीवर आणू. नाहीतर मोबाइल डेटावर पान उघडण्याआधीच माणूस परत जातो.

गूगल नकाशा

नकाशावर दुकान आधीच कोणी टाकले आहे का ते पाहू. असल्यास तीच नोंद ताब्यात घेऊ, दुसरी काढणार नाही. पडताळणीसाठी गूगल बहुधा व्हिडिओ मागते : रस्ता, पाटी, शटर उघडताना, आतली मशीन. पाटीवरचे आणि नोंदीतले नाव एकच हवे. 'नाशिकमधील बेस्ट ब्लाउज' असे नावात घुसडले की नोंद बंद होऊ शकते.

वेळापत्रक

३ ते ८ ऑगस्ट : डोमेन घेणे, दर आणि मजकूर गोळा करणे.
१० ऑगस्ट, सोमवार : दुकानाच्या सुट्टीत फोटो.
११ ते १९ ऑगस्ट : पाने बांधणे.
२० ऑगस्ट : दुकानात येऊन तुमच्याच फोनवर दाखवणे.
२१ ते २५ ऑगस्ट : दुरुस्त्या, दोन फेऱ्या.
२६ ऑगस्ट : साइट सुरू.

१४ सप्टेंबरला गणपती बसतात. त्यानंतर तुम्हाला मान वर करायलाही वेळ नसतो, म्हणून त्याआधी संपवण्याचा आग्रह. उशीर झालाच, तर तो बहुतेक दरपत्रकामुळे होतो. ते ८ तारखेपर्यंत मिळाले नाही, तर जितके दिवस उशिरा मिळेल तितके दिवस शेवटची तारीख पुढे जाईल.

खर्च

| काम | रुपये |
|---|---|
| पाच पानांची रचना व बांधणी | ९,००० |
| फोटो व त्यांची दुरुस्ती | ३,००० |
| मराठी व इंग्रजी मजकूर | २,००० |
| गूगल नोंद व व्हॉट्सअ‍ॅप जोडणी | १,००० |
| एकूण | १५,००० |

सुरुवातीला ६,०००, २० ऑगस्टला साइट पाहिल्यावर ६,०००, सुरू झाल्यावर ३,०००. आमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे यावर कर नाही.

डोमेन (.in) वर्षाला सुमारे ८०० आणि होस्टिंग सुमारे २,४०० रुपये, अधिक कर, हे पैसे तुम्ही थेट कंपनीला भरायचे. दोन्ही खाती तुमच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर काढू. डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर राहिले, की पुढे त्याच्याशी पटले नाही तर दुकानाचा पत्ताच त्याच्या हातात राहतो. पहिल्या वर्षाचा दर पुष्कळदा सवलतीचा असतो, म्हणून नूतनीकरणाचा दर विचारूनच घेऊ. ब्राउझरमधल्या कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र मोफत मिळते. त्याचे वेगळे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

पहिले वर्षभर दरातले बदल सहा वेळा विनामूल्य, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवल्यापासून दोन कामाच्या दिवसांत. त्यापुढच्या किंवा मोठ्या बदलांना तासाला ३०० रुपये. दुसऱ्या वर्षापासून देखभाल हवी असल्यास वर्षाला ३,०००. नको असल्यास सगळ्या फाइली आणि पासवर्ड तुमच्याकडे असतीलच.

हे दर ३१ ऑगस्टपर्यंत कायम आहेत, पण वरच्या तारखा पाळायच्या तर होकार १ ऑगस्टपर्यंत हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'मंजूर' एवढे लिहिले तरी पुरे; ३ तारखेला पावतीपुस्तक घेऊन दुकानात येऊ.

आपले,
अमोल व प्रज्ञा
गंगापूर रोड, नाशिक