विषय : डिंक्यानं गेलेल्या संत्रा झाडांच्या जागी नवी कलमं – मागच्या मेलची नम्र आठवण

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मागच्या सोमवारी मी तुम्हाला आमच्या संत्र्याच्या बगीच्याबद्दल एक प्रश्न मेलवर पाठवला होता. खरीप तोंडावर आला की तुमच्यामागं प्रशिक्षणं, बैठका, शिवारफेऱ्या लागतात हे आम्ही दरवर्षी पाहतो, म्हणून आठवडाभर थांबले. शिवाय त्या मेलला झाडांचे बरेच फोटो जोडले होते, त्यामुळे तो स्पॅममध्ये जाऊन पडला असण्याचीही शक्यता आहे. तुम्हाला जुना मेल शोधत बसावं लागू नये म्हणून गरजेचं तेवढं इथंच पुन्हा लिहिते. आठवडाभरात माती परीक्षणाचा अहवालही हाती आला आहे, तो सोबत जोडला आहे.

प्रश्न एकच आहे. डिंक्या आणि मूळकूज होऊन वाळलेली झाडं काढून टाकली, त्या जागी यंदाच्या पावसाळ्यात रंगपूर खुंटावरची कलमं लावू, की त्या जागा एक वर्ष रिकाम्या ठेवू?

आमचा बगीचा वरुड तालुक्यात आहे. अठरा-अठरा फुटांवर लावलेली साधारण 400 झाडं, सगळी जंबेरी खुंटावरची, मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभी केलेली. वावराला नाल्याकडं उतार आहे. वरचा भाग मध्यम, मुरमाचा, पाणी चटकन निचरणारा. खालचा भाग खोल काळ्या मातीचा, श्रावणात तिथं पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. दोन पावसाळ्यांत मिळून 38 झाडं गेली, त्यातली 29 या खालच्या भागातली आहेत. सगळ्यांची लक्षणं एकसारखीच होती. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या, मग बुंध्यावर जमिनीलगत डिंक ओघळला, साल तडकली, फळं झाडावर असतानाच शेंड्याकडून सल वाढत गेली. उपटून पाहिलं तर तंतुमुळं सडलेली, बोटानं ओढली की साल हातात येत होती.

वरच्या 9 जागांचं आमचं ठरलं आहे, तिथं कलमं लावतोच. अडलं आहे ते खालच्या 29 जागांवर.

अहवालात खालच्या भागातल्या मातीचा सामू 8.1 आणि मुक्त चुना 11 टक्के आला आहे. वरच्या भागात चुना 6 टक्केच आहे. मागचा मेल लिहिताना हे आकडे आले नव्हते. तुमच्या उत्तरात यानं फरक पडेल असं मला वाटतं, कारण शेतकरी मेळाव्यात तुम्ही चुनखडीच्या जमिनीत खुंट कसा निवडायचा यावर बोलला होता आणि तेव्हा रंगपूरचं नाव घेतलं होतं.

त्या मेळाव्यानंतर आम्ही काय काय केलं तेही सांगते, म्हणजे त्याच गोष्टी पुन्हा सांगण्यात तुमचा वेळ जाणार नाही. मोकाट पाणी देणं पूर्ण बंद केलं. डिंक्याची बुरशी पाण्यातून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडं जाते हे तुम्ही समजावलं, तेव्हा आमच्या लक्षात आलं की खालच्या ओळीतली झाडं एकामागून एक नेमकी दांडाच्याच दिशेनं का गेली. आता ठिबक आहे, आणि जिथं आळ्यानं पाणी द्यावं लागतं तिथं दुहेरी आळं केलं आहे, बुंध्याला पाणी लागत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बुंध्याला बोर्डोपेस्ट लावतो, चुना, मोरचूद आणि पाणी तुम्ही सांगितलेल्याच प्रमाणात, एक किलो, एक किलो आणि दहा लिटर. लक्षणं दिसलेल्या झाडांना मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबच्या मिश्र बुरशीनाशकाची आळवणी केली. खालच्या भागात दर दोन ओळींनंतर चर काढून तो नाल्याला जोडला. जी झाडं थोडी पिवळी पडली होती त्यातली बरीचशी या आंबिया बहराला सावरली आहेत, नवी पालवी धरली आहे. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. ती झाडं गेली असती तर मामाजींना फार लागलं असतं.

मेलेल्या झाडांची मुळं खोदून जाळली आणि अडीच फूट लांब, रुंद, खोल खड्डे करून ते उन्हात उघडे ठेवले आहेत. यंदा ऊन असं तापतं आहे की दुपारी खड्ड्यातल्या मातीला हात लावता येत नाही. पण ही बुरशी मातीत अनेक वर्षं टिकते हेही मी वाचलं आहे. म्हणूनच मनात धास्ती आहे. वरची माती तापली, पण खाली, मुळं जिथवर जातील तिथं, काय शिल्लक आहे ते आमच्या डोळ्यांना दिसत नाही. कोवळ्या कलमाची मुळं त्या खड्ड्यात उतरली आणि श्रावणात पुन्हा पाणी साचलं तर एका वर्षात कलमही जाईल आणि त्यावर झालेला खर्चही.

दुसरी बाजूही खरी आहे. जागा रिकाम्या ठेवल्या तर बगीच्यात नांगे पडतात, फवारणी आणि मशागतीचा खर्च तेवढाच राहतो, आणि आज लावलेलं कलम उत्पन्नाला यायला पाच वर्षं तरी लागतातच. एक वर्ष पुढं ढकललं तर तेवढंच उत्पन्न लांबतं. आमच्या भागात भूजल इतकं खाली गेलं आहे की बोअरला पुढच्या वर्षी किती पाणी राहील यावरही लागवडीचा विचार करावा लागतो. रंगपूर खुंट पाण्याचा ताण जंबेरीपेक्षा बरा सोसतो असं तुम्ही सांगितलं होतं, तेही माझ्या मनात आहे.

घरात यावर दोन मतं आहेत. मामाजी म्हणतात, "जंबेरीवर झाड लवकर अंग धरते, फळ मोठं येते. रंगपूरवर आपल्या गावात कोणी जन्म काढला?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांनी चाळीस वर्षं संत्रा पिकवला आहे आणि वरच्या भागातली त्यांची झाडं आजही पाहण्यासारखी आहेत. पण खालच्या काळ्या मातीत जंबेरीची झाडं कशी गेली तेही आम्ही दोघांनी सोबतच पाहिलं आहे. तुमचा शब्द ते मानतात. मेळाव्याहून आल्यावर दुहेरी आळं करायला त्यांनीच आधी फावडं उचललं होतं.

आता घाई कशाची ते सांगते. शेंदुरजना घाटच्या एका रोपवाटिकेत दोन्ही खुंटांवरची पन्हेरी आम्ही पाहून आलो. रंगपूरवरची कलमं तिथं मोजकीच शिल्लक आहेत. रोपवाटिकावाले ओळखीचे आहेत, त्यांनी 31 मेपर्यंत कलमं आमच्या नावानं राखून ठेवली आहेत, त्यानंतर मात्र इसार द्यावा लागेल. डोळा जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधलेला आहे, कलमं सरळ आणि पेन्सिलच्या जाडीची आहेत. रंगपूर खुंटाला एक्झोकॉर्टिसचा धोका असतो, म्हणून डोळे निरोगी मातृवृक्षाचेच हवेत हे तुम्ही बजावलं होतं. आम्ही त्यांची मातृवृक्षं मागून पाहिली, झाडं जुनी आणि निकोप वाटली. त्यांचे फोटो जोडले आहेत.

तुम्हाला सविस्तर लिहायला सवड नसेल तर "लावा" किंवा "थांबा" एवढा एकच शब्द पाठवलात तरी माझं काम होईल. मेल लिहिण्यापेक्षा फोनवर बोलणं किंवा व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवणं सोयीचं असेल तर तेही चालेल, माझा नंबर पहिल्या मेलमध्ये आहे. हा विषय तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी पाहत असतील तर त्यांचं नाव कळवा, मी त्यांना लिहीन. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत माती आणि मुळांचा नमुना घेऊन जावं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं सांगा. वरुडहून नागपूर आम्हाला फार लांब नाही, एका दिवसात जाऊन येता येतं.

येत्या शनिवारपर्यंत तुमच्याकडून काही कळलं नाही तर मी सावध वाट धरणार आहे. वरच्या 9 जागांपुरतीच कलमं घेईन, आणि खालचे खड्डे शेणखत व ट्रायकोडर्मा घालून भरून त्या पट्ट्यात पहिल्या पावसावर ढेंचा पेरीन, फुलावर आला की गाडून टाकीन. त्यामुळे तुमचं उत्तर उशिरा आलं तरी वाया जाणार नाही, पुढच्या लागवडीला कामाला येईल. त्याचं दडपण कृपया घेऊ नका.

पावसाळ्यात या बाजूला दौरा झाला तर बगीच्यावर अवश्य या. चरातून पाणी नाल्याला कसं उतरतं ते पाऊस सुरू असताना तुम्हाला दाखवायचं आहे, त्यात अजून काय सुधारायला हवं ते तुम्हाला जागेवरच दिसेल. मामाजींनाही तुमच्याशी बोलायचं आहे, मृग बहर धरायचा की नाही यावर त्यांचे बरेच प्रश्न आहेत.

आपली विनम्र,
वैशाली
संत्रा उत्पादक शेतकरी
ता. वरुड, जि. अमरावती

सोबत : माती परीक्षण अहवाल (वरचा आणि खालचा भाग वेगवेगळा), उपटलेल्या झाडाच्या मुळांचा एक फोटो, रोपवाटिकेतल्या मातृवृक्षांचे दोन फोटो. यावेळी फोटो लहान करून जोडले आहेत.