केसपेपरवरची लक्षणे : नोंदणी टेबलासाठी शब्दांचा कागद

पूर्व भाग, सोलापूर. नवीन केसपेपर भरताना हा कागद समोर ठेवावा. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि शेजारी खालचा शब्द टाकायचा. रोगाचे नाव आपण लिहायचे नाही. 'पित्त', 'गॅस', 'बीपी', 'वीकनेस' ऐकले की एकच प्रश्न : "म्हणजे नेमकं काय होतंय?"

छाती
चेस्ट पेन : छातीत दुखणे. पेशंट हे शब्द क्वचितच वापरतो. तो म्हणतो, 'छाती गच्च झालीय', 'दाबल्यासारखं होतंय', 'गॅस वर चढलाय'. दाब किंवा आवळणे, सोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर केसपेपर मागाहून, पेशंट आधी आत. शुगर असलेल्यांना कधी कधी दुखतच नाही. नुसता घाम आणि धाप. तेही थांबवून ठेवू नये.
हार्टबर्न : छातीत जळजळ, घशाशी आंबट येणे. पॅल्पिटेशन : छातीत धडधड.

श्वास आणि खोकला
ब्रेथलेसनेस : धाप लागणे, दम लागणे. "दमा आहे का?" असे विचारू नका, दम लागणाऱ्यातले बरेच जण रोगाचे नाव ऐकून 'नाही' म्हणतात. "जिना चढताना की बसल्या जागी? रात्री उठून बसावं लागतं का?" हे विचारा. व्हीझिंग : छातीत घरघर, सूंसूं आवाज. स्पुटम : बेडका, त्यात रक्त असल्यास ठळक लिहा.
लूमवर कामाला असेल तर आणखी एक : "सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते का?" कापसाच्या धुळीचा त्रास असाच सुरू होतो. विडीकाम असेल तर तंबाखूची नोंद करा, ओढत नसल्या तरी.

चक्कर
या एका शब्दात चार तक्रारी असतात, म्हणून नुसते 'चक्कर' लिहिलेला पेपर परत येईल.
व्हर्टिगो : गरगरणे, घर फिरल्यासारखे वाटणे. फेंटनेस : डोळ्यांपुढे अंधारी. सिंकोप : भोवळ येऊन पडणे, शुद्ध गेली होती का आणि डोक्याला लागले का, ते लिहा. इम्बॅलन्स : तोल जाणे.

झटका
सगळ्यात फसवा शब्द. हार्ट अटॅक, लकवा, फिट, विजेचा शॉक, सगळ्याला 'झटका आला' म्हणतात. फिट किंवा आकडी असेल तर हातपाय झाडले का, जीभ चावली का, किती मिनिटे चालले, हे बघणाऱ्या नातेवाइकाला विचारा. तोंड वाकडे, बोबडे बोलणे, एका बाजूचा हात-पाय लुळा : लगेच डॉक्टरांना हाक मारा आणि शेवटचे नीट कधी होते ती वेळ लिहा. लुळेपणा आणि अशक्तपणा वेगळे. 'वीकनेस' दोन्हीला चालवू नका.

लघवी
डिसयुरिया : लघवीला जळजळ, थेंब थेंब होणे. जुनी माणसे म्हणतात 'उन्हाळी लागलीय'. मे महिन्यात ते 'ऊन लागलंय' म्हणून लिहिले जाते आणि लघवीची तपासणी राहून जाते. ऊन लागणे म्हणजे उन्हातून आल्यावर डोके दुखणे, मळमळ, ताप. बरळत असेल तर वाट बघू नका. रिटेन्शन : लघवी तुंबणे.

पोट
नॉशिया मळमळ, व्हॉमिटिंग उलटी, लूज मोशन जुलाब. 'संडास लागलीय' म्हणजेही जुलाबच. दिवसातून किती वेळा ते लिहा. डिसेंट्री : आव पडणे, मुरडा. काळी शौच असेल तर लोहाच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारा. बद्धकोष्ठतेऐवजी 'शौचाला साफ होत नाही' छापले आहे, तेच वाचून दाखवा.

बायकांच्या तक्रारी
'श्वेतप्रदर' कुणालाच कळत नाही. व्हाइट डिस्चार्ज : अंगावर पांढरे जाणे. हेवी ब्लीडिंग : पाळीत जास्त जाणे. शेवटच्या पाळीची तारीख घ्या. हे प्रश्न सिस्टरनेच, पडद्याआड विचारायचे.

बाकीचे
टिंगलिंग मुंग्या, नम्बनेस बधिरपणा, क्रॅम्प गोळा येणे, हाइव्ह्ज अंगावर गांधी उठणे, रिंगवर्म नायटा, जॉन्डिस कावीळ. बारीक ताप : कणकण. थंडी वाजून येत असेल तर 'हुडहुडी' वेगळे लिहा.
तेलुगू बोलणारी आजी 'जरम' म्हणाली तर ताप, 'दग्गु' खोकला, 'नोप्पी' दुखणे. कन्नडमध्ये ज्वर, केम्मु, नोवु.

कधीपासून
'लई दिस झाले' चालणार नाही. तारीख सांगता येत नसेल तर सणावारावरून काढा. 'गड्ड्यापासून खोकलाय' म्हणजे जानेवारी. खोकला दोन आठवडे किंवा जास्त असेल तर बेडक्याच्या तपासणीची चिठ्ठी पेपरला जोडूनच पेशंट आत पाठवा, आणि बाकावर खिडकीजवळ बसवा.