फ्लूच्या वार्षिक लसीविषयी शिंदे गुरुजींना पत्र

लातूर,
१२ मे २०२६

आदरणीय शिंदे गुरुजी,
सप्रेम नमस्कार.

आपल्या चिरंजीवांबरोबर पाठवलेली चिठ्ठी मिळाली. मागच्या भेटीत ओपीडीत गर्दी होती आणि आपल्या शंका पुरत्या ऐकून घेण्याआधीच पुढचा रुग्ण आत आला, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहीत आहे. आपण विचारलेले प्रश्न रास्त आहेत. सत्तरीला टेकलेल्या, पंधरा वर्षांपासून मधुमेह असलेल्या आणि हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाने कोणतीही सुई टोचून घेण्याआधी चार वेळा विचार करावा, यात वावगे काही नाही.

गेल्या वर्षी लस घेतल्यावर चौथ्या दिवशी आपल्याला ताप आणि खोकला झाला आणि तेव्हापासून लसीनेच फ्लू झाला असे आपल्याला वाटते आहे, तेव्हा आधी त्याविषयी लिहितो. आपल्याला दंडात दिलेल्या लसीत जिवंत विषाणू नसतो. विषाणू रसायनाने निष्प्रभ करून, त्याचे तुकडे करून ती तयार केली जाते आणि अशा तुकड्यांची शरीरात वाढ होणे शक्यच नसते, त्यामुळे या लसीमुळे फ्लू होऊ शकत नाही. लसीने होतो तो त्रास म्हणजे दंड दुखणे, थोडी कणकण, अंगदुखी. तो बहुधा पहिल्याच दिवशी सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. आपला खोकला मात्र आठवडाभर टिकला होता. लसीचे संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्या मधल्या काळात फ्लूची किंवा दुसऱ्या एखाद्या विषाणूची लागण होऊ शकते. आपण तेव्हा लग्नसराईत तीन गावे फिरून आला होता. त्या वेळी घशाच्या स्रावाची तपासणी झालेली नसल्यामुळे तो नेमका कोणता विषाणू होता हे आता सांगता येणार नाही, पण तो लसीतून आलेला नव्हता हे मी खात्रीने सांगतो.

देवीची लस एकदा घेतली की झाले, मग हीच दरवर्षी का, असे आपण विचारले आहे. फ्लूचा विषाणू आपल्या पृष्ठभागावरची प्रथिने सतत थोडीथोडी बदलत राहतो आणि लसीने मिळालेले संरक्षणही काही महिन्यांनी उतरू लागते, ही त्याची दोन कारणे आहेत. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, देशोदेशीच्या प्रयोगशाळांतून आलेले नमुने पाहून लसीत कोणते प्रकार घालायचे हे ठरवते. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट बहुधा पावसाळ्यात येते, त्यामुळे आपल्याला दक्षिण गोलार्धाच्या शिफारशीनुसार बनलेली चालू वर्षाची लस मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात घेणे सोयीचे ठरते. पूर्वीची लस चार प्रकारांची होती आणि आता तीन प्रकारांची मिळते, म्हणून ती कमी प्रतीची आहे असे कोणी सांगितले तर मानू नये. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीशीरपणे आढळलेलाच नाही, म्हणून तो वगळण्याची शिफारस झाली.

लसीमुळे गुलेन-बारी हा हातापायांतली ताकद घालवणारा मज्जातंतूंचा आजार होईल, ही आपली सर्वांत मोठी भीती आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्या बातम्यांनी आपल्याकडेही अनेकांची झोप उडाली होती. परंतु पुण्यातल्या त्या साथीचा फ्लूच्या लसीशी संबंध नव्हता. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. लसीचा आणि या आजाराचा संबंध कधीच नव्हता असे सांगणे मात्र खरे होणार नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध दिलेल्या लसीनंतर दर लाख लोकांमागे सुमारे एक जादा रुग्ण आढळला होता. त्यानंतरच्या लसींचा अभ्यास सतत चालू आहे आणि त्यात धोका वाढलेला दिसलाच, तर तो दर दहा लाख डोसांमागे एक-दोन रुग्णांइतका आहे. प्रत्यक्ष फ्लू झाल्यानंतर हाच आजार होण्याची शक्यता त्याहून अधिक असते. आपल्याला पूर्वी हा आजार झालेला नाही, हे मी आपली जुनी फाइल पुन्हा चाळून पाहिले आहे.

आता हृदयाविषयी. लस घेतल्याने झटका येतो असा संदेश आपल्या मोबाइलवर आला आहे. वास्तव याच्या उलट आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासणीने फ्लू निश्चित झालेल्या लोकांमध्ये पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण इतर काळाच्या सुमारे सहापट आढळले. फ्लूचा ताप चढला की नाडी वाढते, रक्तवाहिन्यांत दाह होतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, साखर भडकते आणि हे सारे आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्यांना पेलवत नाही. मी आपल्याला लसीचा आग्रह करतो तो सर्दी-पडसे टाळण्यासाठी नव्हे, तर याच कारणासाठी. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवूनच लस घ्यावी. टोचल्यावर दोन-तीन मिनिटे कापूस घट्ट दाबून धरला की पुरे.

लस घेऊनही आपल्या शेजाऱ्यांना फ्लू झाला, हे खरे असू शकते. लसीतले प्रकार त्या वर्षी फिरणाऱ्या विषाणूशी चांगले जुळले, तर आजारामुळे डॉक्टरकडे जाण्याची वेळ येण्याचा धोका साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी घटतो. काही वर्षी तेवढाही घटत नाही आणि वृद्धांमध्ये परिणाम थोडा कमीच असतो. तरीही लस घेतलेल्याचा आजार बहुधा सौम्य राहतो आणि त्याला अतिदक्षता विभागात न्यावे लागण्याची शक्यता कमी होते. आपल्या वयात माझ्या लेखी हेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

आपल्या सूनबाईंना सहावा महिना चालू आहे, त्यांनीही ही लस घ्यावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईकडून मिळालेले संरक्षणच त्याच्या कामी येते. लस गर्भारपणात कोणत्याही महिन्यात चालते, तरी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे.

आषाढी वारीला दिंडीबरोबर जाण्याचा आपला विचार आहे, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत लस घेतलेली बरी. त्या दिवशी ताप असेल तर येऊ नये, बरे वाटल्यावर यावे. लस मेडिकलमधून घेऊन उन्हात गावाकडे नेऊ नये. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणून आमच्या दवाखान्यातच टोचून घ्यावी आणि नंतर अर्धा तास थांबावे. अंगावर पित्त उठले, ओठ सुजले किंवा श्वास घेताना त्रास वाटला, तर तत्काळ सांगावे; असे क्वचितच होते, पण त्यावरचे इंजेक्शन आमच्याकडे तयार असते. आणि लस घेतलेली असली तरी पावसाळ्यात ताप, खोकला व धाप एकत्र आली, तर पहिल्या दोन दिवसांतच यावे, कारण फ्लूवरच्या गोळ्या त्याच काळात सर्वाधिक उपयोगी पडतात.

एवढे वाचूनही मन मानत नसेल, तर लस न घेण्याचा आपला निर्णय मी मान्य करीन आणि आपल्या उपचारात त्याने काही फरक पडणार नाही. फक्त तो निर्णय मोबाइलवरच्या संदेशावरून होऊ नये, एवढीच विनंती. उरलेल्या शंका घेऊन बुधवारी दुपारी चारनंतर यावे. त्या वेळी गर्दी कमी असते. येताना साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत.

आपला,
डॉ. देशमुख