विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा: हेडनोट

सर्वोच्च न्यायालय, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ (न्या. अरुण मिश्रा, न्या. एस. अब्दुल नझीर, न्या. एम. आर. शाह), निकाल 11 ऑगस्ट 2020, रिपोर्ट (2020) 9 एससीसी 1. निकाल न्या. मिश्रांनी लिहिलाय. तालुका आणि जिल्हा कोर्टात वाटपाचे दावे चालवणाऱ्या आपल्या वकील मंडळींसाठी ही हेडनोट साध्या मराठीत केलीय.

कॅचवर्ड्स

हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 – कलम 6, 2005 च्या दुरुस्तीनंतरचं – मिताक्षरा एकत्र कुटुंब – मुलीचा कोपार्सनर म्हणून हक्क – हक्क जन्माने – दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी म्हणजे 9-9-2005 ला वडील हयात असणं गरजेचं नाही – दुरुस्तीच्या आधी जन्मलेली मुलगी – विवाहित मुलगी

कलम 6(1) परंतुक आणि 6(5) – 20-12-2004 च्या आधीची विक्री, विल्हेवाट, मृत्युपत्र, वाटप – संरक्षण

जुनं कलम 6, परंतुक – कल्पित वाटणी – खरी वाटणी नव्हे – कोपार्सनरी मोडत नाही

प्राथमिक हुकूमनामा – झाला तरी अंतिम हुकूमनाम्यात किंवा अपिलात मुलीचा हिस्सा वाढवता येतो

तोंडी वाटणी – नुसता तोंडी पुरावा – अमान्य – सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तर अपवाद

प्रकाश वि. फुलवती – रद्दबातल – मंगम्मल वि. टी. बी. राजू – रद्दबातल – दानम्मा वि. अमर – अंशतः रद्दबातल

थोडक्यात तथ्य आणि प्रश्न

दिल्लीचं कुटुंब. वडील 11-12-1999 ला वारले, मागे विधवा, तीन मुलगे आणि एक मुलगी म्हणजे विनीता, पुढे 2001 मध्ये एक मुलगा अविवाहितच वारला. विनीतांनी चौथा हिस्सा मागितला, पण वडील 2005 च्या आधीच गेलेत म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने फुलवतीचा आधार घेऊन तो नाकारला. अडचण अशी की सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन-दोन न्यायमूर्तींच्या निकालांत मेळ नव्हता. फुलवती (2015) म्हणत होतं की मुलगी हयात आणि ज्याच्यामार्फत ती हक्क सांगते तो कोपार्सनरही 9-9-2005 ला हयात पाहिजे, आणि दानम्मामध्ये (2018) वडील 2001 मध्ये वारले असूनही मुलींना हिस्सा दिला होता. त्यामुळे खालच्या कोर्टात कुणी फुलवती दाखवायचं कुणी दानम्मा, आणि एकाच प्रकारच्या दोन बहिणींना वेगवेगळा निकाल मिळायचा. हा घोळ मिटवायला प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे आला.

निर्णय

कलम 6 च्या बदललेल्या तरतुदीने मुलीला, ती दुरुस्तीआधी जन्मलेली असो की नंतर, मुलाइतकाच कोपार्सनरचा दर्जा मिळतो, त्याच हक्कांसह आणि त्याच जबाबदाऱ्यांसह. कोपार्सनरीतला हक्क हा अप्रतिबंध दाय आहे म्हणजे तो जन्मानेच येतो, कुणाच्या मरणावर अवलंबून नसतो, म्हणून वडील 9-9-2005 ला हयात होते की नाही हे बघायची गरजच नाही, कायद्यात "हयात कोपार्सनरची मुलगी" असे शब्दच नाहीत. हा हक्क वापरता येतो मात्र 9-9-2005 पासून, म्हणून तरतूद निव्वळ पूर्वलक्षीही नाही आणि निव्वळ भविष्यलक्षीही नाही, जन्म ही आधी घडलेली गोष्ट धरून ती पुढे चालते. 20-12-2004 च्या आधी झालेली विक्री, विल्हेवाट, मृत्युपत्र किंवा कायद्याने मानलेली वाटणी याला धक्का लागत नाही. जुन्या परंतुकातली कल्पित वाटणी ही वारलेल्या कोपार्सनरचा हिस्सा किती हे काढण्यापुरती होती, तिने कुटुंबाची खरी वाटणी झाली किंवा कोपार्सनरी मोडली असं होत नाही, त्यामुळे प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम हुकूमनाम्याच्या प्रलंबित कामात किंवा अपिलात मुलींना मुलाबरोबरीचा हिस्सा द्यायचा. आणि कलम 6(5) च्या स्पष्टीकरणात वाटणी म्हणजे नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी असं असल्याने तोंडी वाटणीचा बचाव साधारणपणे मान्य होणार नाही, अपवाद एवढाच की त्याला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती वाटणी अखेर हुकूमनाम्याने व्हावी तशीच सिद्ध झाली असेल तर ती मान्य होऊ शकते, नुसत्या तोंडी पुराव्यावरचा बचाव सरळ फेटाळायचा.

वापरताना

सगळ्यात जास्त भांडण तोंडी वाटणीवर होतं म्हणून तिथे जरा थांबतो. भाऊ म्हणतात "आमची वाटणी कधीच झाली, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या ताब्यात आहे". गावाकडे हे खरंही असू शकतं आणि बहिणीला टाळायला रचलेलंही असू शकतं. या निकालाने असा बचाव पूर्ण बंद केलेला नाही, पण पुराव्याचं ओझं फार जड केलंय. सातबाऱ्यावर वेगवेगळी नावं आहेत एवढ्यावर भावाच्या बाजूने हेडनोटमधली अपवादाची ओळ वाचून दाखवली तर ते अर्धवट वाचणं होईल. कोर्टाची भाषा दोन्ही गोष्टी एकत्र मागते, सार्वजनिक दस्तऐवज आणि हुकूमनाम्याइतकी पक्की सिद्धता. बहिणीच्या वकिलाने फेरफार नोंद कशावरून झाली, नोटीस कुणाला गेली, बहिणीचं नाव त्यात आहे का, हे प्रश्न उलटतपासणीत विचारायलाच हवेत असं माझं मत.

मुलगी 9-9-2005 ला हयात असावी असं निकालाच्या चर्चेत आलंय, म्हणून "वडिलांच्या हयातीची गरज नाही" या ओळीतून मुलीच्या हयातीचीही गरज नाही असा अर्थ काढू नये.

वडिलांची स्वतः कमावलेली मिळकत हा या निकालाचा विषय नाही. तिथे जन्माने हक्क नसतो, मृत्युपत्र असेल तर ते आणि नसेल तर वारसा बघायचा. बहिणीने आधीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल तर त्याची वैधता हा वेगळा वाद, तो इथे ठरलेला नाही. आपल्याकडे अजून एक गोष्ट, महाराष्ट्राने 1994 मध्येच कलम 29-अ आणून मुलींना कोपार्सनरी दिली होती पण 22-6-1994 च्या आधी लग्न झालेल्या मुली तिच्या बाहेर होत्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही, त्यामुळे या मोठ्या बहिणींसाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे, त्यांच्या दाव्यात तो नक्की दाखवावा.

संदर्भिलेले निकाल

गुरुपाद वि. हिराबाई (1978), कल्पित वाटणीवर, चर्चिलेला. फूलचंद वि. गोपाळ लाल (1967) आणि गंडुरी कोटेश्वरम्मा वि. चाकिरी यानादी (2011), प्राथमिक हुकूमनामा बदलण्यावर, आधार घेतला. फुलवती आणि मंगम्मल रद्द. दानम्मा मात्र पूर्ण गेलेला नाही, या निकालाशी विसंगत आहे तेवढाच रद्द आहे, म्हणून त्याला "ओव्हररूल्ड" एवढंच लिहून सोडू नका.

परिणाम

संदर्भित प्रश्नाचं उत्तर वरीलप्रमाणे दिलं. वेगवेगळ्या कोर्टांत अडकलेले असे दावे शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावेत अशी विनंती केली, आणि अपिलं गुणवत्तेवर निकालासाठी योग्य खंडपीठासमोर ठेवायला सांगितली.